टाकायचंच आहे, तर मोजायचं कशाला?

स्टुडिओत आवाज पुष्कळदा सेकंदाला ९६,००० नमुने या वेगानं टिपतात आणि व्हिडिओसाठी द्यायचा असतो तो ४८,००० या वेगानं. निम्मे नमुने कमी करायचे, एवढंच काम. मग एक ठेवावा, एक टाकावा. त्यात अवघड काय?

अवघड हे, की सेकंदाला ४८,००० नमुन्यांत २४ किलोहर्ट्झच्या आतलेच स्वर नीट मावतात. मूळ मुद्रणात मात्र त्याहून उंच कंपनंही असू शकतात, काही वाद्यांतून आलेली, काही आजूबाजूच्या विजेच्या उपकरणांतून. समजा ३० किलोहर्ट्झचं एक कंपन आहे. ते कुणाच्याच कानाला ऐकू येत नाही. पण एकाआड एक नमुना टाकला की ते नाहीसं होत नाही, ४८ वजा ३० म्हणजे १८ किलोहर्ट्झवर येऊन बसतं, आणि १८ तरुण कानाला ऐकू येऊ शकतं. ४० असेल तर ते ८ वर उतरतं, तिथे तर सगळ्यांनाच ऐकू येईल. याला एलियसिंग म्हणतात. हा भलता स्वर एकदा मिसळला की खऱ्यातून निवडून काढता येत नाही. म्हणून नियम असा, की उंच कंपनं आधी फिल्टरनं दाबायची आणि मगच नमुने टाकायचे. या जोडकामाला डेसिमेशन म्हणतात.

इथला फिल्टर म्हणजे निव्वळ अंकगणित. शेजारशेजारचे काही नमुने घ्यायचे, प्रत्येकाला एका ठरलेल्या गुणांकानं गुणायचं आणि बेरीज करायची, की एक नवा नमुना मिळतो. मग एक घर पुढे सरकून पुन्हा तेच. आपण सात गुणांकांचा एक लहानसा फिल्टर घेऊ: −१, ०, ९, १६, ९, ०, −१, आणि शेवटी बेरजेला ३२ नं भागायचं. सगळ्या गुणांकांची बेरीज ३२ भरते, त्यामुळे न बदलणारा संकेत आहे तसाच पार होतो.

आता नऊ नमुने घेऊ: १०, १४, २०, २२, १८, १२, ६, ४, ८.

पहिल्या सातांवर फिल्टर ठेवला की −१० + १८० + ३५२ + १६२ − ६ = ६७८, भागिले ३२, म्हणजे २१.१८७५. एक घर सरकलो की बेरीज येते ५७६ आणि उत्तर १८. आणखी एक घर सरकलो की ३८० आणि ११.८७५. झालं फिल्टरचं काम. आता वेग निम्मा करायचा, तेव्हा पहिलं उत्तर ठेवायचं, दुसरं टाकायचं, तिसरं ठेवायचं. म्हणजे ते १८, ज्यासाठी आपण सात गुणाकार केले, गेलं कचऱ्यात. सेकंदाला ९६,००० उत्तरं काढायची आणि त्यातली ४८,००० फेकायची. सात गुणांकांच्या हिशेबानं एका सेकंदाला ६,७२,००० गुणाकार होतात आणि त्यातले निम्मे वाया जातात.

यावर कुणीही म्हणेल की मग मधलं उत्तर काढूच नका, एकदम दोन घरं सरका. बरोबर आहे. संगणकावर प्रोग्रॅम लिहिणारा तेच करतो आणि तिथल्या तिथे गुणाकार निम्म्यावर येतात. निम्मे गुणाकार वाचवणं ही पॉलीफेज मांडणीची करामत म्हणून पुष्कळ ठिकाणी सांगतात. मला ते अर्धंच खरं वाटतं. वाचवणारी गोष्ट म्हणजे नको ती उत्तरं न काढणं. पॉलीफेज दाखवते ते असं, की दोन घरं सरकणाऱ्या या हिशेबाच्या आत दोन वेगळे, छोटे फिल्टर लपलेले आहेत. ते एकदा दिसले की पुढची बचत हाती लागते.

दोन-दोन घरं सरकताना कोणता नमुना कोणत्या गुणांकाला भेटतो, ते पाहा. नमुन्यांना शून्यापासून क्रमांक दिले तर १०, २०, १८, ६, ८ हे सम क्रमांकांचे आणि १४, २२, १२, ४ हे विषम. फिल्टर नेहमी दोन घरं सरकतो, त्यामुळे सम नमुन्यांची गाठ पडते ती सम जागांवरच्या गुणांकांशीच, म्हणजे −१, ९, ९, −१ यांच्याशी. विषम नमुन्यांची गाठ फक्त ०, १६, ० यांच्याशी. ही दोन घराणी एकमेकांत कधीच मिसळत नाहीत. मग आलेले नमुने, दोन गड्यांत पत्ते वाटावेत तसे, आळीपाळीनं दोन रांगांत वाटून टाकायचे. प्रत्येक रांगेला तिचा छोटा फिल्टर द्यायचा आणि शेवटी दोन्ही बेरजा एकत्र करायच्या.

करून बघू. सम रांगेतले पहिले चार: −१० + १८० + १६२ − ६ = ३२६. विषम रांगेतून १६ गुणिले २२ = ३५२. एकूण ६७८, भागिले ३२, तेच २१.१८७५. पुढच्या फेरीत सम रांग एक घर सरकते: −२० + १६२ + ५४ − ८ = १८८. विषम रांगेतून १६ गुणिले १२ = १९२. एकूण ३८०. मधलं ५७६ कुठे आलंच नाही.

इथे चाणाक्ष वाचक अडेल. आधी फिल्टर, मग टाकणं असा नियम सांगितला होता, आणि आता फिल्टरच्या आधीच नमुने वेगळे केले. एलियसिंगचं काय झालं? ते झालंच आहे, दोन्ही रांगांत झालं आहे. पण आपण काहीच टाकलेलं नाही, फक्त वाटलं आहे, आणि शेवटच्या बेरजेत दोन्हीकडचा दोष एकमेकांना छेद देतो. +१०, −१०, +१०, −१० असा सर्वांत जलद हेलकावणारा संकेत द्या. सम रांगेत सगळे +१० येतात, विषम रांगेत सगळे −१०. कुठलीही एक रांग पाहिली तर संकेत शांत, स्थिर वाटेल. हाच तो भलता स्वर. सम शाखेची बेरीज १६० येते, विषम शाखेची −१६०. मिळवलं की शून्य. दाबायचं ते पुरतं दाबलं गेलं.

ही मांडणी बेलांजे, बोनरो आणि कुद्रूझ या तीन फ्रेंच अभियंत्यांनी १९७६ साली एका शोधनिबंधात सविस्तर मांडली. स्वतंत्र सर्किट बांधणाऱ्याला तिचा फायदा नुसत्या मोजदादीपेक्षा मोठा असतो. सरळ मांडणीत गुणाकार करणाऱ्या भागाला दर नमुन्याला, म्हणजे सुमारे १०.४ मायक्रोसेकंदांत, काम उरकावं लागतं. दोन रांगांच्या मांडणीत त्याला बरोबर दुप्पट वेळ मिळतो. वेगानं पळतो तो फक्त नमुने वाटणारा स्विच.

आता विषम शाखेकडे पुन्हा बघा: ०, १६, ०. शून्यानं गुणायची गरजच नाही, उरतो एक १६, आणि ३२ नं भागल्यावर तो होतो अर्धा. म्हणजे ही अख्खी शाखा एवढंच करते, की नमुना थोडा वेळ धरून ठेवायचा आणि निम्मा करून द्यायचा. द्विमान अंकांत निम्मं करणं म्हणजे एक घर उजवीकडे सरकवणं, त्याला गुणाकार लागतच नाही. अशा फिल्टरला हाफबँड म्हणतात आणि दोननं वेग उतरवण्यासाठी तो हौसेनं वापरतात. सम शाखेत गुणांक दोन्ही बाजूंनी सारखे आहेत, म्हणून आधी जोडीजोडीची बेरीज करून मग एकदाच गुणता येतं.

आपला सात गुणांकांचा फिल्टर दाखवायला बरा, वापरायला कमजोर. ३० किलोहर्ट्झचं कंपन त्यातून सुमारे २३ टक्के पार होतं. खऱ्या कामाला लांब फिल्टर लागतो. समजा ६३ गुणांकांचा हाफबँड घेतला. सरळ मांडणीत सेकंदाला ६०,४८,००० गुणाकार. नको ती उत्तरं सोडली की ३०,२४,०००. शून्यं गाळली आणि जोड्या एकत्र केल्या की दर उत्तरामागे फक्त १७ उरतात, म्हणजे ८,१६,०००. यातून आवाज मात्र तसूभरही सुधारत नाही. ६३ गुणांकांचा तो फिल्टर जसा होता तसाच राहतो. शिवाय हाफबँडचा एक अंगभूत दोष आहे: बरोबर २४ किलोहर्ट्झवर तो, कितीही लांब केला तरी, निम्मा संकेत पार करतोच. म्हणून २० ते २४ च्या पट्ट्यात थोडा गोंधळ राहतो. आवाजासाठी तो चालवून घेतात, मोजमापाच्या उपकरणात चालेलच असं नाही.

हे बांधताना हमखास होणारी चूक म्हणजे विषम रांग एका घरानं चुकवणं. पहिल्या उत्तराला २२ ऐवजी १२ जोडला गेला तर बेरीज ६७८ च्या जागी ५१८ येते. अडचण अशी, की सोप्या चाचण्यांत ही चूक दिसत नाही. स्थिर संकेत दिला तर विषम रांगेतले सगळे नमुने सारखेच, उत्तर बरोबर. +१०, −१० चा संकेत दिला तरी तीच गोष्ट, उत्तर शून्य. दोन्ही टोकं ठीक आणि मधलं सगळं बिघडलेलं. चुकलेल्या मांडणीत ३० किलोहर्ट्झचं कंपन २३ ऐवजी ७२ टक्के पार होतं आणि ऐकू येणारा १० किलोहर्ट्झचा स्वर ९७ टक्क्यांवरून ७७ वर घसरतो. ऐकणाऱ्याला आवाज मंद झाल्यासारखा वाटेल, पण कारण सापडणार नाही.

म्हणून चाचणी अशी करावी: सगळे नमुने शून्य आणि एकच ३२. तो सम जागी ठेवला की ओळीनं −१, ९, ९, −१ बाहेर यायला हवेत. लगेच पुढच्या विषम जागी ठेवला की फक्त एक १६ बाहेर येतो, आणि तो आधीच्या वेळी दुसरा ९ ज्या क्षणी आला होता, त्याच क्षणी यायला हवा. त्याआधी किंवा नंतर आला तर रांग चुकली आहे.