महाग म्हणजे कशाच्या मानाने?

गिऱ्हाईक 'महाग आहे हो' म्हणालं, की दुकानदाराने काय करावं? बघा, 'लाल' हा साडीचा स्वतःचा गुण आहे. 'महाग' हा नाही. महाग नेहमी कशाच्या तरी मानाने असतं. म्हणून आधी तेच विचारायचं.

समजा, येवल्यातल्या दुकानात हातमागाची पैठणी १८,००० रुपयांची आहे. 'ताई, कशाच्या मानाने महाग वाटते?' उत्तर आलं, 'तिकडे ६,००० ला मिळते.' मग पदर उलटून दाखवा. हातमागाची नक्षी मागूनही तशीच दिसते. यंत्रमागाच्या साडीला मागे सहसा सुटे धागे असतात. उत्तर 'माझ्याकडे १२,०००च आहेत' असं आलं, तर अडचण पैशांची. तिथे कमी नक्षीच्या पदराची पैठणी दाखवा. किंमत उतरते, कारण त्यात कामच कमी आहे.

लगेच २,००० सोडले, तर पहिला भाव खोटा होता असंच गिऱ्हाईक धरतं. आणि काल पूर्ण पैसे देऊन गेलेली बाई फसली, नाही का? मात्र तेच काम शेजारी खरोखर स्वस्त मिळत असेल, तर आपलाच भाव चुकलाय, हे मान्य करावं.