गल्ला भरलेला, खिसा रिकामा

बिझनेस मॉडेल कॅनव्हास म्हणजे एका पानावर नऊ चौकटींत मांडलेला धंदा. तळाच्या दोन चौकटी म्हणजे डावीकडे खर्च आणि उजवीकडे उत्पन्न. त्या समोरासमोर ठेवून तपासायच्या असतात.

मोबाइल दुरुस्तीच्या एका दुकानाचा नमुना हिशेब पाहू. महिन्याला ४० डिस्प्ले, प्रत्येकी १,८०० रुपये, म्हणजे ७२,००० रुपयांची विक्री. पण डिस्प्ले १,३०० रुपयांना येतो, म्हणून हाती उरतात २०,०००. त्यातले चार वॉरंटीत परत आले आणि पदरच्या पैशांनी बदलून दिले, तर ५,२०० गेले. उरले १४,८००.

चार्जिंग पोर्टची ६० कामे २५० रुपयांनी केली, तर विक्री फक्त १५,०००. पण सुटा भाग ५० रुपयांचा, म्हणून उरतात १२,०००.

एकूण २६,८००. भाडे, वीज आणि मदतनिसाचा पगार २२,००० धरला, तर मालकाच्या महिन्याभराच्या कष्टाला ४,८००च मिळतात.

दोष वॉरंटीचा खर्च खर्चाच्या चौकटीत नसण्यात आहे. खराब डिस्प्ले बदलून देणारा पुरवठादार मिळाला, तर शिल्लक १०,००० होते. म्हणून प्रत्येक उत्पन्नासमोर त्याचाच खर्च लिहावा.