एका हबवर दोन मापं

रात्री हायवेला मागचा टायर बसला की ड्रायव्हर आणि क्लीनर जे करतात, त्यात वरवर पाहता काहीच चुकीचं नसतं. जॅक लावायचा, नट सैल करायचे, स्टेपनी चढवायची आणि गाडी मार्गाला लावायची. स्टेपनी बहुतेक वेळा नवी असते, निदान फारशी न चाललेली. तिच्या शेजारचा टायर मात्र निम्म्याहून जास्त झिजलेला असतो. मालकाला वाटतं, चला, एक टायर तरी नवा लागला. पुढे काही आठवड्यांत जुना टायर जागोजागी खरवडल्यासारखा दिसू लागतो, नाहीतर ऐन उन्हात नवाच फुटतो. मग दोष रस्त्याला दिला जातो किंवा कंपनीला.

खरी गोम त्या जोडीत असते. मागचे दोन टायर एकाच हबवर, एकाच नटांनी आवळलेले असतात. त्यामुळे आतल्याचा एक फेरा झाला की बाहेरच्याचाही नेमका एकच होणार. एक टायर उंच आणि दुसरा बुटका असेल, तर एका फेऱ्यात दोघांना जायचं असतं वेगवेगळं अंतर, आणि गाडी दोघांना नेते सारखंच. मधला फरक रबर रस्त्यावर घासून भरून निघतो.

हा फरक केवढा, ते मोजून पाहता येतं. आज सर्रास दिसणारा 295/80 आर 22.5 हा टायर घेऊ. नवा असताना तो साधारण 1,044 मिलिमीटर उंच असतो आणि त्याची नक्षी सोळाएक मिलिमीटर खोल असते. शेजारच्या जुन्या टायरची नक्षी सहा मिलिमीटर उरली आहे असं धरू. म्हणजे त्रिज्येत दहा, व्यासात वीस आणि परिघात सुमारे 63 मिलिमीटरचा फरक पडला. हा टायर एका किलोमीटरला 313 च्या आसपास फेरे घेतो. हिशेब केला तर किलोमीटरमागे जवळपास वीस मीटर येतात. समृद्धी महामार्गाच्या 701 किलोमीटरच्या एका खेपेत ही घसपट चौदा किलोमीटरच्या घरात जाते. रबर थोडं दबतं, ताणलं जातं, त्यामुळे प्रत्यक्षात आकडा याहून कमी निघेल. पण उरतो तोही टायरचा जीव खाणाराच. त्यातला मोठा वाटा बुटक्या टायरच्या माथी येतो, कारण त्याच्यावर वजन कमी असतं, म्हणून पकडही कमी.

आणि वजनाची ही विषम वाटणीच जास्त घातक आहे. 2018 च्या सुधारित नियमांप्रमाणे चार टायरांच्या एका एक्सलवर साडेअकरा टन वजन चालतं, म्हणजे टायरमागे 2,875 किलो. या मापाच्या बऱ्याच टायरांच्या कडेला 152/148 असे दोन आकडे कोरलेले असतात. टायर एकटा असेल तर 3,550 किलो आणि जोडीत असेल तर 3,150 किलो, असा त्यांचा अर्थ. जोडीत क्षमता कमी का धरतात? दोन टायर भार कधीच तंतोतंत निम्मा-निम्मा उचलत नाहीत, हे कंपन्यांना ठाऊक असतं.

पूर्ण हवेच्या अशा टायरला एक मिलिमीटर जास्त दाबायला अंदाजे शंभर किलो लागतात. त्रिज्येत दहा मिलिमीटरचा फरक असेल तर उंच टायर बुटक्यापेक्षा सुमारे हजार किलो जास्त उचलतो: एकावर 3,375, दुसऱ्यावर 2,375. काट्यावर गाडी कायद्यात बसते, पावती स्वच्छ निघते, आणि तरीही नवा टायर ओव्हरलोड चाललेला असतो.

टायर तापतो तो या दबण्यामुळे. ताशी साठच्या वेगाला टायरचा प्रत्येक भाग सेकंदाला पाचेक वेळा रस्त्याखाली येऊन दबतो आणि पुन्हा सरळ होतो. दबताना खर्च झालेली सगळी ताकद रबर परत देत नाही, काही भागाची उष्णता होते. वजन जास्त तर दबणं जास्त, आणि उष्णताही जास्त. शिवाय रबरातून ती सहज बाहेर पडत नाही. खांद्यापाशी, जिथे आतले तारांचे पट्टे संपतात, तिथे रबर सर्वांत जाड असतं आणि तिथेच ती साठते. तापमान 120 अंशांच्या पुढे रेंगाळलं की तार आणि रबर यांची पकड सुटू लागते. मे महिन्यात हायवेच्या कडेला नक्षीचे लांब पट्टे पडलेले दिसतात, त्यातले कितीतरी असेच सुटलेले. आतल्या टायरची अवस्था आणखी वाईट, एका बाजूला तापलेला ब्रेक ड्रम आणि दुसऱ्या बाजूला जोडीदार.

उंची सारखी असूनही हवेमुळे हाच खेळ होऊ शकतो. बाहेरच्या टायरचा व्हॉल्व्ह हाताशी असतो. आतल्याचा डिस्कच्या भोकातून चाचपून शोधावा लागतो. साहजिकच बाहेर 120 पीएसआय आणि आत 95, अशा जोड्या रस्त्यावर फिरत असतात. एकटा टायर असता तर बसलेला दिसला असता. इथे जोडीदार हब उचलून धरतो आणि कमी हवेचा टायर बघणाऱ्याला ठणठणीत वाटतो. लोखंडी टॉमी मारून आवाज ऐकायची पद्धत पूर्ण बसलेला टायर पकडते, वीस-पंचवीस पीएसआयची घट नाही.

जोडीत पाच पीएसआयपेक्षा जास्त फरक नको, असं टायर उद्योग मानतो. पाच पीएसआयनेसुद्धा परिघात आठएक मिलिमीटरचा फरक पडतो, असा ठोकताळा आहे. किलोमीटरला अडीच मीटरची घसट. हवा वीस टक्क्यांनी उतरली, म्हणजे 120 ची 96 झाली, तर तो टायर पंक्चर चालवल्यासारखाच धरतात. त्याच्या कडा इतक्या वाकतात की आतल्या पोलादी तारा थकून तुटत जातात. खालच्या बाजूला दोन टायरांच्या कडा एकमेकींना घासू लागतात. अशा टायरमध्ये नुसती हवा भरून पुढे जाणं सर्वांत धोक्याचं, कारण भरतानाच कड चेन उघडावी तशी फाटू शकते. तो उतरवून, आतून तपासून, पिंजऱ्यात ठेवूनच भरावा लागतो. हवा मोजायची ती सकाळी, टायर थंड असताना. चालून तापलेल्या टायरचा दाब पंधरा-वीस पीएसआय चढलेला असतो, आणि तो पाहून हवा सोडणारा ड्रायव्हर स्वतःच टायर कमी हवेवर आणतो.

उंची जुळवायला टेप पुरतो. दोन्ही टायरांत सारखी हवा भरून, वजन नसताना, नक्षीच्या मधोमध परीघ मोजायचा. 9.00-20 आणि त्याहून मोठ्या टायरांसाठी परिघात 38 मिलिमीटर, म्हणजे व्यासात 13, ही शेवटची हद्द मानली जाते. लहान टायरांसाठी व्यासात सहाच. काही कंपन्या मोठ्या टायरांसाठीही सहाचाच आग्रह धरतात, आणि त्यांचं म्हणणं ऐकण्यासारखं आहे. कडेवरचा आकडा जुळला म्हणजे उंची जुळली असं नाही. दोन कंपन्यांच्या एकाच मापात काही मिलिमीटरचा फरक असतो, रिमोल्डमध्ये तर विचारूच नका. रेडियल आणि नायलॉन यांची जोडी मात्र टेप न लावताच बाद करायची, दोघांचं दबणं वेगळं.

हद्दीतला थोडा फरक राहिलाच तर उंच टायर बाहेर लावतात. रस्ता मधोमध उंच आणि कडेला उतरता असतो, त्यामुळे आतल्या टायरवर आधीच जास्त भार येतो.

हे जाणणारे वाहतूकदार स्टेपनी म्हणून नवा टायर ठेवतच नाहीत. गाडीच्या मागच्या टायरांइतकाच झिजलेला ठेवतात. नवे घ्यायचे तर दोन घेऊन एकाच हबवर चढवतात, आणि तिथून निघालेल्या जुन्याला टेप लावून त्याच्या मापाचा जोडीदार शोधतात. एक्सलच्या डाव्या-उजव्या जोड्यांची उंचीही ते पाहून घेतात. त्यांच्यात मोठा फरक राहिला तर डिफरन्शियलचे गिअर सरळ रस्त्यावरही फिरत राहतात आणि झिजतात.