बगॅसची राख आणि व्हॅक्यूम क्लीनर

गळीत हंगाम सुरू झाला की कारखान्याच्या चिमणीतून उडालेली बगॅसची राख आमच्या गच्चीवर, खिडकीच्या चौकटीत, पडद्यांवर येऊन बसते. दिसायला ती मोठी काळी कुसळं, पण बोट लावलं की पिठासारखी बारीक होते. झाडूनं ती निघत नाही, नुसती पसरते. म्हणून व्हॅक्यूम क्लीनर घ्यायला राजारामपुरीत गेले, तेव्हा हीच राख कागदाच्या पुडीत बांधून नेली.

दुकानदारानं आधी वॉट सांगितले. वॉट म्हणजे मशीन किती वीज खातं ते. ओढ किती, हे त्यावरून कळत नाही. केपीए हा आकडा ओढीचा खरा, पण तो नळीचं तोंड बंद करून मोजतात. धूळ वाहून नेते ती हवा, आणि नळीतून हवा किती वाहते हे खोक्यावर क्वचितच छापलेलं असतं. म्हणून मी पुडी सोडून राख जुन्या गालिच्यावर पसरायला सांगितली.

पिशवी नसलेल्या मशीननं पहिली फेरी झटक्यात मारली. राख पुन्हा पसरली, तेव्हा मोटारीचा आवाज चढला आणि ओढ मंदावली. डबा काढला तर आतल्या फिल्टरवर काळा थर चढलेला, डबा मात्र जेमतेम पाव भरलेला. तो रिकामा करताना तीच राख पुन्हा हवेत उडाली. असे फिल्टर धुता येतात हे खरं, पण ते पुरते वाळायला एक दिवस लागतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात तर तेवढ्यात वाळतच नाहीत. ओला फिल्टर बसवला की कुबट वास येतो आणि ओल मोटारीपर्यंत जाते.

दुसरं मशीन कमी वॉटचं, पण न विणलेल्या कापडाच्या अनेक थरांची टाकाऊ पिशवी असलेलं. त्याची ओढ टिकली. पिशवीच्या तोंडावरची पट्टी सरकवली की धूळ आतच बंद. साध्या कापडी पिशवीवर माझा भरवसा नाही. झटकताना धूळ परत नाकातच जाते.

या दुसऱ्या मशीनचा फिल्टर एच-१३ होता. अडवायला सगळ्यात अवघड अशा कणांपैकी ९९.९५ टक्के तो अडवतो, पण झाकणाचं रबर सैल असलं तर हवा फिल्टरला वळसा घालून बाहेर पडते. दुकानातला दिवा घालवून, मशीन चालू ठेवून, हवा बाहेर पडते तिथं आडवी टॉर्च धरली. झोतात कण नाचत नव्हते.

१९८२ पासून युरेका फोर्ब्सनं दारोदार फिरून व्हॅक्यूम क्लीनर विकले; माणूस घरी येऊन मशीन दाखवणार, ही सवय आपल्याला तेव्हापासूनची. विक्रीनंतरची चौकशी मात्र आपणच करायची. पैसे देण्याआधी सेवाकेंद्राला फोन करून याच मॉडेलची पिशवी, नळी आणि मोटारीचे कार्बन ब्रश कोल्हापुरात शिल्लक आहेत का, हे विचारलं. पिशव्या होत्या, ब्रश पुण्याहून मागवावे लागणार होते. ब्रश वर्षानुवर्षं टिकतात, पिशवी मात्र हंगामात वारंवार लागते. म्हणून तेच मशीन घेतलं, आणि पिशव्यांचं एक जादा पाकीटही.