दिवाळी पहाट संपली, चेक कुठे आहे?

समजा, एका सांस्कृतिक संस्थेच्या दिवाळी पहाटेला कंपनीने दोन लाख कबूल केले. निम्मे आधी, निम्मे नंतर. गायक, मांडववाला, साऊंडवाला सगळ्यांचे हिशोब झाले, पण उरलेला लाख महिना उलटूनही आला नाही. अशा वेळी कार्यवाह मार्केटिंगच्या ओळखीच्या साहेबांना फोन करतात आणि 'हो हो, करतो' ऐकून गप्प बसतात.

खरं तर पैसे साहेबांच्या हातात नसतात, ते लेखा विभागातून सुटतात. तिथे बिलावर परचेस ऑर्डरचा नंबर नसेल किंवा बॅनरचे फोटो जोडलेले नसतील, तर कागद मुकाट्याने पडून राहतो. म्हणून आठवणीच्या पत्रात आधी विचारावं, 'बिल नोंदवलं गेलं का? काही कागद कमी आहे का?' मग बिलाचा नंबर, तारीख, बाकी रक्कम लिहावी. कबुलीचा ईमेल, मंचावरच्या लोगोचे फोटो आणि बँकेचा तपशील पुन्हा जोडावा. प्रत दोन्ही विभागांना.

लाखाच्या बिलावर ९८ हजारच आले, तर लगेच भांडू नये. जाहिरातीच्या कामापोटी कंपनी सहसा २ टक्के टीडीएस कापते. ते दोन हजार संस्थेच्या पॅनवर जमा दिसतात.

अडचण येते ती सगळा व्यवहार तोंडी असला आणि साहेबांची बदली झाली की. म्हणून कार्यक्रमानंतरच्या आठवड्यातच आभारपत्रासोबत बिल पाठवावं. तेव्हा गाणं अजून त्यांच्या कानात असतं.