पोळी, भात आणि कर्बोदकांचा हिशेब

मधुमेह झाला की घरात पहिल्यांदा भात बंद होतो आणि पोळ्या मात्र न मोजता चालू राहतात. रक्तातली साखर वाढवतात ती प्रामुख्याने कर्बोदके (धान्यातला पिठूळ आणि गोड भाग), आणि ती दोन्हींत आहेत. शंभराची एक नोट काय किंवा पन्नासाच्या दोन काय, रक्कम तीच. तसे एक मध्यम वाटी शिजलेला भात आणि दोन लहान फुलके यांत कर्बोदके साधारण सारखीच, सुमारे 30 ग्रॅम.

खरी गफलत होते ती आकारात. 200 ग्रॅम कणकेचे आठ फुलके केले, तर एकात 17 ग्रॅमच्या आसपास कर्बोदके येतात. तेवढ्याच कणकेच्या चार मोठ्या पोळ्या केल्या, तर एकीत दुप्पट. ज्वारीच्या मोठ्या भाकरीला सहज 60 ग्रॅम पीठ लागते, म्हणजे ती एकटीच वाटीभर भातापेक्षा जास्त भरते. म्हणून कणीक एकदा वजन करून मळावी आणि भाताची वाटी ठरवून टाकावी.

समजा, डॉक्टरांनी जेवणाला 60 ग्रॅम ठरवून दिले आहेत. दोन फुलक्यांचे 34, अर्धी वाटी भाताचे 15, वाटीभर वरणाचे दहा-बारा, हिशेब जुळला. वरण बहुतेकजण धरतच नाहीत.

दोन तासांनी साखर तपासली की अंदाज कुठे चुकला ते कळते. इन्सुलिन घेणाऱ्यांनी मात्र मात्रा डॉक्टरांना विचारूनच बदलावी.