तोंडी ठरलेल्या व्यवहाराची लेखी निश्चिती : ई-मेल नोंदीचे स्वरूप, पुरावामूल्य आणि मर्यादा

प्रस्तावना :
महाविद्यालयात परिषदेचे आयोजन, ग्रंथछपाई, उपकरणांची दुरुस्ती, पाहुण्या व्याख्यात्याचे मानधन असे अनेक व्यवहार प्रथम दूरध्वनीवर ठरतात. भारतीय करार अधिनियम, १८७२ च्या कलम १० नुसार करार लेखीच असला पाहिजे अशी सर्वसाधारण अट नाही. सक्षम व्यक्तींनी मुक्त संमतीने, कायदेशीर प्रतिफलासाठी केलेला तोंडी करारही बंधनकारक असतो. अडचण वैधतेची नसून सिद्धतेची असते. काय ठरले होते याची दोन माणसांची दोन स्मरणे असतात आणि दोन्ही प्रामाणिक असू शकतात. प्रस्तुत लेखात एका कल्पित उदाहरणाच्या आधारे, बोलण्यानंतर पाठविलेली ई-मेल उभय पक्षांचे संरक्षण कसे करते आणि ते कोठे थांबते, याचे विवेचन केले आहे.

कायदेशीर आधार :
माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० मध्ये नंतर समाविष्ट झालेल्या कलम १०-अ नुसार, केवळ इलेक्ट्रॉनिक साधनाने झाला एवढ्याच कारणावरून करार अंमलबजावणीस अपात्र ठरत नाही. ट्रायमेक्स इंटरनॅशनल विरुद्ध वेदांत अॅल्युमिनियम (२०१०) या प्रकरणात बॉक्साइटच्या पाच जहाजखेपांचा व्यवहार ई-मेलच्या देवाणघेवाणीतून ठरला होता. रीतसर करारपत्रावर सह्या झालेल्या नव्हत्या. तरीही महत्त्वाच्या अटींवर एकमत झाले असल्याने करार पूर्ण झाला, असे सर्वोच्च न्यायालयाने मानले.

उदाहरण : शोधनिबंध-संग्रहाची छपाई :
समजा, एका परिषदेच्या समन्वयक प्राध्यापिकेने मुद्रकाशी फोनवर बोलून ३०० प्रती, प्रत्येकी १८० रुपये असा दर ठरविला. त्याच सायंकाळी त्यांनी मुद्रकाने सांगितलेल्या ई-मेल पत्त्यावर पुढील मजकूर पाठविला :

“आज दुपारी आपले फोनवर बोलणे झाले. त्यात ठरलेल्या बाबी अशा : ३०० प्रती, प्रत्येकी १८० रुपये, एकूण ५४,००० रुपये. आगाऊ रक्कम २०,००० रुपये. अंतिम मजकूर आम्ही ५ जानेवारीस देऊ, प्रती १८ जानेवारीस महाविद्यालयात पोहोचतील. दोन वेळा मुद्रितशोधन दरात समाविष्ट आहे. मुखपृष्ठाचा कागद अद्याप ठरलेला नाही. यात काही चुकले असल्यास कृपया दुरुस्त करून कळवावे. बरोबर असल्यास तसे उत्तर द्यावे.”

या मजकुरात कोणताही आरोप वा इशारा नाही. रक्कम, संख्या, दिनांक आणि जबाबदारी यांचीच नोंद आहे. जे ठरले नाही तेही स्वतंत्रपणे नमूद केले आहे, कारण वाद बहुधा अशाच मोकळ्या जागेत निर्माण होतो.

मुद्रकाचे उत्तर आले : “मान्य. मात्र दर २४० पानांपर्यंतचा आहे. त्यापुढील प्रत्येक पानास प्रतिप्रत ७५ पैसे पडतील. मजकूर उशिरा मिळाल्यास तितके दिवस प्रतीही उशिरा मिळतील.”

येथे “मान्य” हा शब्द असला तरी स्वीकृती पूर्ण झालेली नाही. करार अधिनियमाच्या कलम ७ नुसार स्वीकृती निरपवाद व बिनशर्त असावी लागते. अटी जोडलेले उत्तर हा नवा प्रस्ताव ठरतो. म्हणून समन्वयकांनी “आपल्या दोन्ही अटी मान्य आहेत” असे त्याच ई-मेलच्या उत्तरात लिहिणे आवश्यक होते व त्यांनी तसे लिहिले. ही तिसरी, एका ओळीची ई-मेल प्रत्यक्षात बहुतेक जण पाठवीत नाहीत.

पुढे मजकूर ८ जानेवारीस गेला, प्रती २१ जानेवारीस आल्या आणि पाने २७२ झाली. महाविद्यालयाने विलंबाबद्दल कपात करण्याचे ठरविले. मुद्रकाने तिसऱ्या मुद्रितशोधनाचे ६,८०० रुपये धरून ६८,००० रुपयांचे देयक दिले. नोंदीवरून निर्णय सरळ झाला. तीन दिवसांचा विलंब मजकुराच्या विलंबाइतकाच होता, म्हणून कपात योग्य नव्हती. जादा ३२ पानांचे ३०० प्रतींसाठी ७,२०० रुपये देय होते. तिसरे मुद्रितशोधन मात्र मुद्रकाच्या जुळणीतील चुकांमुळे करावे लागले होते आणि त्याच्या आकाराबाबत काहीच ठरले नव्हते. त्यामुळे ती मागणी टिकली नाही. एकूण ६१,२०० रुपयांतून आगाऊ रक्कम वजा जाता ४१,२०० रुपये देण्यात आले. एकच नोंद मुद्रकाला विलंबाच्या आरोपातून आणि महाविद्यालयाला वाढीव मागणीतून वाचवून गेली.

उत्तर आले नाही तर :
“तीन दिवसांत उत्तर न आल्यास मान्य समजू” असे वाक्य अनेकदा लिहिले जाते. परंतु प्रस्ताव ठेवणारा समोरच्याच्या मौनाला संमतीचे रूप एकतर्फी देऊ शकत नाही. एकतर्फी ई-मेलवरून पाठविणाऱ्याने त्या दिवशी काय म्हटले आणि त्यास आक्षेप आला नाही एवढेच दिसते. ते निरर्थक नाही, पण संमतीइतके भक्कमही नाही. मौनानंतर समोरच्याने आगाऊ रक्कम स्वीकारून काम सुरू केले, तर चित्र बदलते. कलम ८ नुसार प्रस्तावातील अटींची पूर्तता करणे किंवा देऊ केलेले प्रतिफल स्वीकारणे हीही स्वीकृती ठरते. म्हणून उत्तर न आल्यास पैसे पाठविताना मूळ ई-मेलच्या दिनांकाचा उल्लेख करावा.

नोंदीचे जतन व सादरीकरण :
१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ लागू आहे. त्याच्या कलम ६३ नुसार इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत विहित प्रमाणपत्र द्यावे लागते. त्याचा एक भाग पक्षकाराने व दुसरा तज्ज्ञाने भरावयाचा असून त्यात नोंदीचे हॅश मूल्य नमूद करावे लागते. पूर्वीच्या कलम ६५-ब खालील अशा प्रमाणपत्राची अनिवार्यता सर्वोच्च न्यायालयाने अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात (२०२०) अधोरेखित केली होती. हे प्रकरण जालना विधानसभा मतदारसंघाच्या निवडणुकीतून उद्भवले होते. केवळ छापील प्रत फाईलला लावून ठेवणे म्हणूनच अपुरे आहे. मूळ ई-मेल खात्यातून पुसू नये. तिची `.eml` स्वरूपातील प्रत जोडपत्रांसह संस्थेकडे ठेवावी, कारण तीत `Message-ID` व मार्गक्रमणाचा तपशील राहतो. पुढे पाठविलेल्या प्रतीत तो मूळ तपशील राहत नाही. वैयक्तिक खात्याऐवजी संस्थेचे खाते वापरावे; अन्यथा समन्वयक निवृत्त झाल्यावर नोंद त्यांच्यासोबत जाते.

मर्यादा :
स्थावर मालमत्तेच्या विक्रीसारख्या, नोंदणीकृत दस्त आवश्यक असलेल्या व्यवहारांत ई-मेल दस्ताची जागा घेऊ शकत नाही. तसेच ई-मेल लिहिणाऱ्यास संस्थेला बांधून घेण्याचा अधिकार होता काय, हा प्रश्न उरतोच. प्राचार्यांची मंजुरी बाकी असेल तर “मंजुरीच्या अधीन राहून” असे पहिल्याच ई-मेलमध्ये लिहावे. ते नंतर सांगितल्यास समोरच्याला ती पळवाट वाटते.

समारोप :
निश्चितीची ई-मेल वादाच्या तयारीसाठी लिहावयाची नसून स्मरण ताजे असताना दोन आठवणी एकत्र पडताळण्यासाठी लिहावयाची असते. म्हणून ती बोलणे झाले त्याच दिवशी जावी, तीत समोरच्याला दुरुस्तीची संधी असावी आणि त्याने दुरुस्ती केल्यास तिचे उत्तर दिले जावे. वरील उदाहरणात मुद्रकाने घातलेल्या दोन अटी फोनवर कोणालाच आठवल्या नव्हत्या. त्या लिहिताना आठवल्या आणि वाद मिटविण्यास त्याच उपयोगी पडल्या.